चर्चा विभागातील ‘मुळे’ आणि ‘परिणाम’: सहसंबंधाच्या आकडेवारीला साजेसे दावे कसे लिहावेत

शोधनिबंधातले तक्ते बहुतेक वेळा प्रामाणिक असतात. दावा फुगतो तो त्यांच्यानंतर येणाऱ्या चर्चा विभागात. तक्त्यात सहसंबंध गुणांक −०.३२ एवढाच नोंदलेला असतो आणि दोन पानांनंतर तोच आकडा ‘मोबाईलच्या वापरामुळे झोप कमी होते’ या विधानाचा आधार होऊन बसतो. मधल्या दोन पानांत नवे काहीही मोजलेले नसते, फक्त क्रियापदे बदललेली असतात. मराठीत लिहिलेले प्रबंध आणि शोधनिबंध तपासताना हा दोष मला वारंवार दिसतो, आणि तो दूर करायला सांगितले की लेखक बहुधा प्रत्येक वाक्यात एक ‘कदाचित’ घालून मसुदा परत पाठवतात. तेवढ्याने दोष जात नाही. ‘मोबाईलमुळे कदाचित झोप कमी होत असावी’ हे विधानही कार्यकारणाचेच आहे, फक्त ते कमी आत्मविश्वासाने केलेले आहे.

पुढील विवेचनासाठी एक उदाहरण घेऊ. ते समजावण्यापुरते रचलेले आहे, कोणत्याही प्रत्यक्ष अभ्यासातले नाही. ३१२ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांकडून एकदाच प्रश्नावली भरून घेतली. रात्री अंथरुणात पडल्यावर आपण मोबाईल किती मिनिटे वापरतो आणि सरासरी किती वेळ झोपतो, हे विद्यार्थ्यांनी स्वतःच सांगितले; त्यासोबत वय आणि लिंग नोंदवले गेले. मोबाईलची मिनिटे आणि झोपेची मिनिटे यांत −०.३२ इतका सहसंबंध मिळाला. वय आणि लिंग रिग्रेशनमध्ये समाविष्ट केल्यावर, मोबाईलचा वापर एक तासाने जास्त असलेल्या विद्यार्थ्यांची झोप सरासरी २४ मिनिटांनी कमी आढळली, आणि या अंदाजाच्या ९५ टक्के विश्वासमर्यादा १६ ते ३२ मिनिटे होत्या. चर्चेचा पहिला मसुदा असा आहे:

“रात्रीच्या मोबाईल वापराचा विद्यार्थ्यांच्या झोपेवर लक्षणीय परिणाम होतो, हे या अभ्यासातून सिद्ध झाले. मोबाईलचा वापर जसजसा वाढतो तसतशी झोप कमी होत जाते. वय व लिंग यांचा प्रभाव वगळल्यानंतरही हा परिणाम कायम राहिला. मोबाईलच्या पडद्यातून येणाऱ्या प्रकाशामुळे मेलाटोनिनची निर्मिती घटते व त्यामुळे झोप लागण्यास विलंब होतो. विद्यार्थ्यांनी झोपण्यापूर्वी मोबाईल वापरणे बंद केल्यास त्यांची झोप सुधारेल.”

पाच वाक्ये आहेत आणि पाचही वाक्यांत दावा आकडेवारीच्या पुढे गेला आहे, परंतु प्रत्येक वाक्यात वेगळ्या वाटेने. म्हणूनच एकच दुरुस्ती सगळीकडे लावता येत नाही.

शब्दांना हात लावण्यापूर्वी

पहिले काम मसुद्याबाहेरचे आहे. एका कोऱ्या कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात: संशोधकाने स्वतः काही बदलले होते का, कोणते मोजमाप आधी झाले आणि कोणते नंतर, आणि या दोन चलांखेरीज आणखी काय मोजले होते. आपल्या उदाहरणात उत्तरे सरळ आहेत. संशोधकाने कोणाचाही मोबाईल काढून घेतला नाही किंवा कोणाला वापरायला लावला नाही; दोन्ही मोजमापे एकाच दिवशी, एकाच प्रश्नावलीतून झाली; आणि वय व लिंग यांपलीकडे काहीही मोजलेले नाही.

त्याच कागदावर हाच सहसंबंध ज्यांतून निर्माण होऊ शकेल अशा निरनिराळ्या शक्यता लिहून काढाव्यात, आणि त्या आपल्या विषयातल्या ठोस शक्यता असाव्यात. मोबाईलमध्ये रमल्याने झोपायला उशीर होत असेल. उलट, ज्यांना मुळातच झोप लागत नाही ते वेळ घालवायला मोबाईल हातात घेत असतील. किंवा परीक्षेची चिंता, एकटेपणा किंवा सहा जणांची गजबजलेली खोली या गोष्टी झोपही कमी करत असतील आणि मोबाईलही जवळ करायला लावत असतील. चौथी शक्यता मोजमापाची आहे: आपली झोप नीट होत नाही असे ज्याला वाटते, तो मोबाईलचा वेळही जास्त सांगण्याचा संभव असतो, कारण दोन्ही उत्तरे एकाच मनःस्थितीतून आलेली असतात.

या कागदावरून दुरुस्तीची कसोटी मिळते. चर्चेतले प्रत्येक वाक्य घेऊन विचारावे: यातली दुसरी, तिसरी किंवा चौथी शक्यता खरी निघाली तर हे वाक्य खोटे ठरेल का? खोटे ठरत असेल, तर ते वाक्य आकडेवारीच्या पुढे गेलेले आहे. ‘ज्यांचा मोबाईल वापर जास्त असल्याची नोंद झाली, त्यांनी झोपही कमी सांगितली’ हे वाक्य चारही शक्यतांत खरे राहते. ‘मोबाईलमुळे झोप कमी होते’ हे फक्त पहिल्या शक्यतेत खरे राहते. ‘मोबाईलमुळे कदाचित झोप कमी होत असावी’ हेही पहिल्याच शक्यतेची बाजू घेते आणि उरलेल्या तिघींचे नाव काढत नाही.

माझ्या स्वतःच्या एका जुन्या निबंधावर परीक्षकांनी समासात पेन्सिलीने एवढेच लिहिले होते: “उलट का नसेल?” मी उत्तर शोधायला आकडेवारीकडे परत गेलो, तेव्हा तिथे उत्तर नव्हते. तेव्हापासून हा कागद मी चर्चा लिहिण्यापूर्वीच तयार करतो.

ही सावधगिरी केवळ तात्त्विक नाही. रजोनिवृत्तीनंतर संप्रेरके घेणाऱ्या स्त्रियांत हृदयविकार कमी दिसतो, असे अनेक निरीक्षणात्मक अभ्यासांत आढळले होते, आणि ती औषधे हृदयाचे रक्षण करतात असा त्याचा अर्थ लावला गेला. पुढे अमेरिकेतील विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या प्रकल्पात १६,६०८ स्त्रियांची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी करून त्यांपैकी एका गटाला इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र दिले गेले. जुलै २००२ मध्ये ती चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. हृदयविकार कमी होण्याऐवजी औषध घेणाऱ्या गटात तो किंचित जास्त आढळला होता. आपणहून औषध घेणाऱ्या स्त्रिया अनेक बाबतींत आधीपासूनच अधिक सुस्थितीत आणि निरोगी होत्या, हे त्या तफावतीचे एक कारण मानले जाते. औषध कोणत्या वयात सुरू झाले, हे दुसरे. जुन्या अभ्यासांतला सहसंबंध खराच होता, त्यावर चढवलेला अर्थ टिकला नाही.

मराठीत कार्यकारण कुठे दडते

दुसरे काम शोधाचे आहे. संगणकावर मसुदा उघडून ‘मुळे’, ‘परिणाम’, ‘प्रभाव’, ‘कारणीभूत’, ‘सिद्ध’, ‘केल्यास’ आणि ‘भूमिका’ हे शब्द एकेक करून शोधावेत आणि सापडलेल्या जागा रंगवाव्यात. हे सोपे आहे. अवघड आहे ते प्रत्ययांत आणि क्रियापदांत दडलेले कार्यकारण, कारण ते शोधखिडकीत सापडत नाही. त्यासाठी छापील प्रत आणि पेन्सिल घेऊन बसावे लागते.

‘मोबाईलने झोप बिघडते’ यातला ‘ने’ हा ‘मुळे’ इतकाच ठाम आहे. ‘वाढते’ आणि ‘वाढवते’ यांत एका अक्षराचा फरक आहे, परंतु ‘वाढवते’ म्हटले की वाढवणारा कर्ता उभा राहतो. ‘घटवते’, ‘खालावते’, ‘सुधारते’, ‘बळावते’ ही क्रियापदेही नीट पाहावीत, त्यांचा कर्ता कोण आहे ते तपासावे. त्याहून हळूच येते ती ‘जसजसा... तसतसा’ ही रचना. ती कानाला निरुपद्रवी वाटते, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एकच विद्यार्थी उभा राहतो, ज्याचा वापर दिवसेंदिवस वाढतो आहे आणि झोप दिवसेंदिवस कमी होते आहे. आपल्या अभ्यासात असा एकही विद्यार्थी पाहिलेला नाही. आपण वेगवेगळ्या विद्यार्थ्यांची एकाच वेळची तुलना केली आहे. म्हणून ‘वाढतो’ नव्हे तर ‘जास्त आहे’, आणि ‘कमी होत जाते’ नव्हे तर ‘कमी आढळली’. काळही महत्त्वाचा आहे: ‘होते’ हा वर्तमानकाळ सार्वकालिक नियम सांगतो, ‘आढळले’ हा भूतकाळ त्या ३१२ जणांची नोंद सांगतो.

संख्याशास्त्राच्या परिभाषेतूनही कार्यकारण आत येते. ‘झोपेतील १० टक्के फरक मोबाईल वापराने स्पष्ट होतो’ हे वाक्य गुणांकाच्या वर्गावरून लिहिलेले असते (−०.३२ चा वर्ग सुमारे ०.१०), परंतु इथला ‘स्पष्ट होतो’ हा गणिती शब्द आहे, वाचक तो ‘कारण कळले’ असाच वाचतो. त्याऐवजी ‘झोपेच्या कालावधीतील सुमारे १० टक्के विचरण मोबाईल वापराशी सांख्यिकीयदृष्ट्या निगडित आढळले’ असे लिहावे. उरलेले ९० टक्के या चलाशी निगडित नाही, हेही त्याच जागी लिहिलेले बरे.

पाच वाक्ये, एकेक करून

पहिल्या वाक्यात तीन दुरुस्त्या लागतात. ‘परिणाम होतो’ याच्या जागी ‘संबंध आढळला’ येईल. ‘सिद्ध झाले’ पूर्णपणे काढावे लागेल, कारण पाहणीतून नोंद होते, सिद्धता होत नाही. आणि ‘लक्षणीय’ हा शब्द एकटा सोडू नये: संख्याशास्त्रात त्याचा अर्थ, प्रत्यक्षात काही संबंध नसता तर एवढा सहसंबंध निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता फार कमी होती, एवढाच असतो, पण मराठी वाचकाला तो ‘मोठा’ असा ऐकू येतो. ‘सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय, मात्र मध्यम स्वरूपाचा’ असे लिहिले की दोन्ही गोष्टी वेगळ्या राहतात.

दुसऱ्या वाक्यातली ‘जसजसा’ रचना मोडून तिथे आकडा आणावा. सौम्य शब्द शोधण्यापेक्षा आकडा आणि त्याची मर्यादा देणे हा अनेकदा चांगला उपाय असतो: ‘एक तास अधिक वापर नोंदवणाऱ्या विद्यार्थ्यांची झोप सरासरी २४ मिनिटांनी कमी होती’. इथेही एक बारीक चूक नेहमी होते. ‘वापर एका तासाने वाढल्यास झोप २४ मिनिटांनी घटते’ असे लिहिले, की रिग्रेशनच्या गुणांकाचे रूपांतर एखाद्या उपायाच्या भाकितात होते. गुणांक दोन प्रकारच्या विद्यार्थ्यांमधला फरक सांगतो. एकाच विद्यार्थ्याचा वापर बदलला तर काय होईल, हे तो सांगत नाही.

तिसऱ्या वाक्यावर थोडे थांबावे लागेल, कारण चांगले लेखकही इथे निर्धास्त होतात. ‘वय व लिंग यांचा प्रभाव वगळल्यानंतरही परिणाम कायम राहिला’ यातून असे सुचते की इतर सर्व कारणे बाद झाली आणि उरलेला फरक मोबाईलचाच आहे. वास्तविक दोन चले विचारात घेतली, त्या दोन चलांपुरताच प्रश्न सुटला, आणि तोही ती जितक्या अचूकपणे मोजली गेली तितकाच. चिंता, राहण्याची जागा, सकाळच्या तासांची वेळ, चहा-कॉफीचे प्रमाण यांतले काहीही समीकरणात नव्हते. म्हणून वाक्याचा उत्तरार्ध न मोजलेल्या गोष्टींची नावे घेऊन लिहावा. ‘इतर घटकांचा प्रभाव असू शकतो’ हे मोघम वाक्य कोणत्याही निबंधाला चिकटवता येते, म्हणून ते वाचकाला काहीच सांगत नाही. ‘परीक्षेची चिंता मोजलेली नसल्याने ती दोन्ही बाबींमागे असण्याची शक्यता या अभ्यासातून नाकारता येत नाही’ हे वाक्य नेमकी फट दाखवते आणि पुढच्या संशोधकाला कामाला लावते.

चौथ्या वाक्यात जे मोजलेच नाही ते निष्कर्षासारखे आले आहे. मेलाटोनिन या अभ्यासात कोणीही मोजलेले नाही. यंत्रणेची चर्चा करू नये असे नाही. ती कोणाच्या पुराव्यावर उभी आहे हे वाक्यातच दिसले पाहिजे. प्रकाशमान पडद्यावर वाचन आणि छापील पुस्तकाचे वाचन यांची तुलना करणारा, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. त्यात १२ निरोगी तरुणांना सलग पाच संध्याकाळी, झोपण्यापूर्वी सुमारे चार तास वाचायला दिले होते; पडद्यावर वाचताना मेलाटोनिन दबलेले आढळले आणि झोप लागायला सुमारे १० मिनिटे जास्त लागली. हा प्रयोग उद्धृत करताना त्यातली परिस्थितीही सांगावी: प्रयोगशाळा, चार तास, मोबाईलपेक्षा मोठा पडदा. मग वाचकाला स्वतःच दिसते की तिथले १० मिनिटे आणि आपल्याकडचे २४ मिनिटे हे एकाच मापाचे आकडे नाहीत. ‘आमचे निष्कर्ष या प्रयोगाची पुष्टी करतात’ असे म्हणू नये, ‘या प्रयोगाशी विसंगत नाहीत’ एवढेच म्हणावे, कारण आपला सहसंबंध मेलाटोनिनचा काहीही संबंध नसतानाही असाच आला असता.

पाचवे वाक्य शिफारशीचे आहे, आणि सर्वांत जास्त नुकसान करण्याची ताकद त्यातच असते, कारण वृत्तपत्रात तेच जाते. ‘बंद केल्यास सुधारेल’ हे भाकीत न केलेल्या प्रयोगाचे आहे. ते काढून त्याच्या जागी तो प्रयोगच सुचवावा, आणि तो नेमकेपणाने सुचवावा: कोणाला, किती आठवडे, काय करायला सांगायचे, आणि झोप कशी मोजायची. झोप न लागणारे विद्यार्थी जर मोबाईल वेळ घालवायला घेत असतील, तर मोबाईल काढून घेतल्याने त्यांना एक मिनिटही जास्त झोप मिळणार नाही. शिफारस करताना ही शक्यता डोळ्यांसमोर ठेवावी.

किती मऊ करावे

दुरुस्ती सुरू झाली की लंबक दुसऱ्या टोकाला जातो. ‘मोबाईल वापर आणि झोप यांत कदाचित काही प्रमाणात संबंध असण्याची शक्यता असू शकते असे दिसते’ अशी वाक्ये माझ्यासमोर आलेली आहेत. हेही तितकेच चुकीचे आहे. संबंध आढळला होता. तो प्रत्यक्ष मोजला होता, त्याच्या मर्यादा दिलेल्या होत्या. तिथे ‘कदाचित’ला जागा नाही. नोंद ठामपणे लिहावी, आणि तिच्या अर्थाबद्दलची अनिश्चितता दुसऱ्या वाक्यात, एकाच शंकादर्शक शब्दाने लिहावी. एका वाक्यात ‘कदाचित’, ‘शक्यता’ आणि ‘असावे’ यांपैकी एकापेक्षा जास्त आले असतील तर लेखकाला नेमकी शंका कशाची आहे हे त्याला स्वतःलाच ठरवता आलेले नसते.

आणखी एक पळवाट आहे: सगळीकडे ‘निगडित’, ‘संबंधित’ असे लिहायचे, पण युक्तिवाद मात्र कार्यकारणाचाच ठेवायचा. मिगेल एर्नान या साथरोगशास्त्रज्ञाने २०१८ मध्ये याच सवयीवर नेमके बोट ठेवले होते: प्रश्न कारणाचा असेल तर तो कारणाचाच म्हणून उघडपणे विचारावा, सौम्य शब्दांआड लपवू नये. हे मला पूर्णपणे पटते. प्रस्तावनेत ‘रात्रीच्या मोबाईल वापरामुळे झोप कमी होते का, हा प्रश्न आहे’ असे लिहायला काहीच हरकत नाही. चर्चेत मात्र ‘आमच्या पद्धतीने या प्रश्नाचा इतकाच भाग तपासता आला’ असे त्याचे उत्तर यायला हवे.

मर्यादांच्या परिच्छेदात ‘सहसंबंध म्हणजे कार्यकारण नव्हे’ असे एक वाक्य टाकले की बाकीची चर्चा मोकळी होत नाही. ते वाक्य मागे सोडून वाचक पुन्हा ‘परिणाम’ शब्दाकडे येतो, आणि लक्षात तोच राहतो.

दुरुस्त परिच्छेद

“रात्री अंथरुणातील मोबाईल वापर आणि स्वतः सांगितलेला झोपेचा कालावधी यांच्यात सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय, मात्र मध्यम स्वरूपाचा ऋण सहसंबंध आढळला. वय व लिंग विचारात घेतल्यावर, एक तास अधिक वापर नोंदवणाऱ्या विद्यार्थ्यांची झोप सरासरी २४ मिनिटांनी कमी होती (९५ टक्के विश्वासमर्यादा १६ ते ३२). मोबाईलमध्ये वेळ गेल्याने झोप कमी होणे हे या संबंधाचे एक स्पष्टीकरण आहे; पडद्याच्या प्रकाशाने मेलाटोनिन दबते असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे, परंतु प्रस्तुत अभ्यासात मेलाटोनिन मोजलेले नाही. झोप न लागणारे विद्यार्थी मोबाईल अधिक वापरत असणे, किंवा परीक्षेची चिंता दोन्हींमागे असणे, ही स्पष्टीकरणेही या आकडेवारीशी तितकीच जुळतात, आणि दोन्ही मोजमापे एकाच वेळी झाल्याने व चिंता मोजलेली नसल्याने त्यांत निवड करता येत नाही. अंथरुणातील वापर काही आठवडे थांबवणाऱ्या आणि न थांबवणाऱ्या, यादृच्छिकपणे विभागलेल्या गटांची तुलना केल्यास, आणि झोप मनगटावरील उपकरणाने मोजल्यास, हा प्रश्न पुढे नेता येईल.”

हा परिच्छेद मूळ मसुद्यापेक्षा लांब झाला आहे, आणि तो तसाच राहू द्यावा. कापायचे असेल तर स्पष्टीकरणांची वाक्ये कापू नयेत.

आता शेवटची फेरी मारावी लागते, ती चर्चेबाहेर. सारांश, निष्कर्ष आणि शीर्षक यांत जुना दावा तसाच शिल्लक असतो, कारण ते भाग आधी लिहिलेले असतात. ‘मोबाईल वापराचा विद्यार्थ्यांच्या झोपेवर होणारा परिणाम: एक अभ्यास’ हे शीर्षक ‘विद्यार्थ्यांमधील रात्रीचा मोबाईल वापर आणि झोपेचा कालावधी यांतील संबंध’ असे करावे. प्रबंधाचे शीर्षक नोंदणीनंतर बदलता येत नसेल, तर चर्चेच्या पहिल्याच परिच्छेदात एक वाक्य घालावे: “शीर्षकातील ‘परिणाम’ हा शब्द संशोधनप्रश्नाचा निर्देश करतो, प्रस्तुत आकडेवारीतून केवळ संबंध तपासता आला आहे.”

एकाच विद्यार्थ्याची वर्षभरात अनेकदा मोजणी केलेली असेल, तर क्रमाबद्दल थोडे जास्त बोलता येते. आधीचा वापर आणि नंतरची झोप यांचा संबंध सांगता येतो. तिसऱ्या घटकाचा प्रश्न तिथेही उरतोच, त्यामुळे तो कोरा कागद त्या अभ्यासालाही लागतो, फक्त त्यावरची उलट दिशेची शक्यता थोडी अशक्त झालेली असते.

मसुदा पाठवण्यापूर्वी विषयाबाहेरच्या एखाद्या सहकाऱ्याला फक्त सारांश आणि चर्चा वाचायला द्यावी, तक्ते देऊ नयेत, आणि विचारावे: “हा अभ्यास कसा केला असेल असे तुम्हाला वाटते?” त्यांनी “काही मुलांचे मोबाईल काढून घेऊन पाहिले असेल” असे उत्तर दिले, तर कोणत्या वाक्यावरून तसे वाटले ते त्यांनाच दाखवायला सांगावे. ते ज्या वाक्यावर बोट ठेवतील, तिथून दुरुस्ती पुन्हा सुरू करावी.